नव्वद दिवस कुणाचे? रिक्रूटरला दिवस नको, तारीख लिहा

"नोटीस पिरियड 90 दिवस, निगोशिएबल." आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या रेझ्युमेवर हे लिहिलेलं असतं आणि पॅनलवर बसून मी दरवेळी विचारतो की बाबा रे, निगोशिएट कोण करणार? तू करणार की तुझा मॅनेजर? समोरचा हसतो, म्हणतो सर बघू, होऊन जाईल. होऊन जाईल म्हणजे काय ते त्यालाही माहीत नसतं आणि मलाही, पण एचआरच्या एक्सेल शीटमध्ये मात्र त्याच्या नावापुढे "45 दिवस" असं पडतं, आणि पुढचे तीन महिने सगळे त्या आकड्याच्या मागे पळतात.

पुण्यात आयटीत चौदा वर्षं काढली, त्यातली सहा-सात टेबलाच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे स्वतः राजीनाम्याचे पेपर टाकलेत आणि पेपर टाकून येणाऱ्यांची वाटही बघितलीय. त्यातून माझं एक ठाम मत झालंय. जॉइनिंगची तारीख पुढे-मागे करायचा मेल हा विनंतीअर्ज नाहीये, तो हिशेब आहे, आणि आपली पोरं तो अर्जासारखा लिहितात म्हणून मार खातात. आणि दुसरं म्हणजे हा हिशेब मुळात उमेदवाराच्या गळ्यात का पडतो हेही कुणीतरी विचारायला हवं, पण त्याकडे नंतर येतो.

आधी आमच्या मावसबहिणीचा किस्सा सांगतो, तिला विचारूनच सांगतोय. तिला 3 मार्चला ऑफर आली, 5 मार्चला गुरुवारी तिने पोर्टलवर राजीनामा टाकला. टीम लीडने कॉफी मशीनपाशी सांगितलं, "टेन्शन नको घेऊ, 45 मध्ये सोडतो तुला." ही खूश, लगेच 10 मार्चला नव्या कंपनीच्या रिक्रूटरला मेल, की माय अर्ली रिलीज इज कन्फर्म्ड, आय कॅन जॉइन ऑन 20 एप्रिल. कन्फर्म्ड! कॉफी मशीनपाशी झालेलं बोलणं म्हणजे कन्फर्म्ड. रिक्रूटरने बिचाऱ्याने तीच तारीख पुढे क्लायंटकडच्या ऑनबोर्डिंगला टाकली, लॅपटॉपची रिक्वेस्ट गेली, सगळं झालं. मार्च संपता संपता टीम लीड दुसऱ्या प्रोजेक्टवर, नवीन मॅनेजर आला, त्याच्या प्रोजेक्टचं एप्रिलअखेर रिलीज, तो म्हणाला मला कुणी काही सांगितलेलं नाही, बॅकफिल म्हणजे हिच्या जागी माणूस आलेला नाही, केटी म्हणजे काम समजावून सोपवणं झालेलं नाही, पूर्ण नोटीस सर्व्ह करा.

7 एप्रिलला रात्री साडेदहाला फोन. "दादा, आता काय लिहू? ऑफर रद्द करतील ना?" तिने एक ड्राफ्ट करून ठेवला होता, तो मी बघितला. सुरुवात आय डीपली रिग्रेट, मग अनफॉर्च्युनेट सर्कमस्टन्सेस, मग प्लीज कन्सिडर माय रिक्वेस्ट, मग आय ॲम व्हेरी एक्सायटेड टू जॉइन, चांगले तीन परिच्छेद. आणि पूर्ण मेलमध्ये एकही तारीख नाही! रिक्रूटरने हा मेल वाचून करायचं काय? त्याला त्याच्या मॅनेजरला एका ओळीत सांगायचंय की ही मुलगी कधी येणार, आणि तीच ओळ त्यात नाहीये.

मग आम्ही दोघं बसलो आणि आधी तिचं अपॉइंटमेंट लेटर काढलं. पाच वर्षांपूर्वीची पीडीएफ, उघडायला पासवर्ड आठवेना, तो एक वेगळाच प्रकार. त्यात नोटीसचा क्लॉज दीडच ओळीचा होता पण सगळी गंमत तिथेच. नव्वद दिवस की तीन महिने, कॅलेंडर दिवस की कामाचे दिवस, नोटीसमध्ये रजा घेतली तर तेवढे दिवस पुढे ढकलतात का, शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती होते का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोटीसऐवजी पैसे भरून सुटायचा, म्हणजे बाय-आउटचा, पर्याय कुणाला आहे. तिच्या लेटरमध्ये लिहिलेलं होतं की कंपनी कधीही पगार देऊन लगेच सोडू शकते, पण कर्मचाऱ्याने पैसे भरून सुटायचं असेल तर ते कंपनीच्या मर्जीवर. हे वाक्य अनेक लेटरमध्ये असतं आणि सही करताना कुणी वाचत नाही, मीही वाचलं नव्हतं.

दिवस मोजले. 5 मार्चचा राजीनामा, 6 तारखेपासून मोजलं तर मार्चचे 26, एप्रिलचे 30, मेचे 31, झाले 87, म्हणजे नव्वदावा दिवस 3 जून, बुधवार. पोर्टलवरही लास्ट वर्किंग डे तोच दिसत होता. हे आवर्जून बघायचं, कारण काही ठिकाणी राजीनाम्याचा दिवस पकडतात, काही ठिकाणी मॅनेजरने ॲक्सेप्ट केल्यापासून मोजतात, आणि तीन महिने लिहिलेलं असेल तर हिशेब अजून एक-दोन दिवसांनी हलतो. एक-दोन दिवसांनी काय होतंय असं वाटेल, पण बऱ्याच कंपन्या नवीन लोकांना सोमवारीच घेतात, त्यामुळे एका दिवसाने आठवडा जातो.

मग मेल लिहिला. गेला इंग्रजीतच, पण मजकूर हा होता:

"मी 5 मार्चला राजीनामा दिला. माझ्या करारात नोटीस 90 कॅलेंडर दिवसांची आहे आणि कंपनीच्या सिस्टिममध्ये माझा शेवटचा दिवस 3 जून दिसतोय, राजीनामा स्वीकारल्याचा मेल सोबत जोडलाय. 10 मार्चच्या मेलमध्ये मी 20 एप्रिल ही तारीख पक्की म्हणून कळवली होती, ती तोंडी बोलण्यावर होती, लेखी मंजुरी नव्हती. ती पक्की म्हणायला नको होती, ही माझी चूक. माझी पक्की तारीख सोमवार 8 जून आहे, ऑफर लेटरमध्ये तशी दुरुस्ती करून मिळावी. लवकर सुटण्यासाठी 30 दिवसांच्या बाय-आउटचा लेखी अर्ज मी आज केलाय, तो मंजूर झाला तर शेवटचा दिवस 4 मे होईल आणि मी 11 मेला येऊ शकेन. त्याचं उत्तर काहीही आलं किंवा नाही आलं तरी शुक्रवारी 17 एप्रिलला मी तुम्हाला कळवते. बाय-आउटची रक्कम तुमच्याकडून मिळते का तेही सांगा."

बास. एक पक्की तारीख, एक जर-तरची तारीख, आणि जर-तरचा निकाल कधी कळणार त्याची तारीख. ही तिसरी तारीख कुणी लिहीत नाही आणि माझ्या मते रिक्रूटरला सगळ्यात जास्त कामाची तीच असते, कारण मग त्याला रोज फोन करून "एनी अपडेट?" विचारावं लागत नाही आणि तोवर तो दुसरा उमेदवार शोधायचा की नाही हे ठरवू शकतो.

"माझी चूक" लिहायला ती तयार नव्हती. म्हणे दादा, चूक टीम लीडची आहे. असेल ना, पण रिक्रूटरचा टीम लीडशी काय संबंध, कन्फर्म्ड हा शब्द तू लिहिलास. आणि जुन्या कंपनीवर खापर फोडणारा मेल वाचला की वाचणाऱ्याला वाटतं ही उद्या आपल्याबद्दल पण असंच लिहील.

बाय-आउटबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तिथे लोक आंधळेपणाने हो म्हणतात. रक्कम बेसिकवर कापणार की ग्रॉसवर हे लेटरमध्ये लिहिलेलं असतं आणि फरक मोठा पडतो. समजा बेसिक 40 हजार आणि ग्रॉस 95 हजार, तर महिन्याभरासाठी एकीकडे 40 द्यायचे, दुसरीकडे 95. नवीन कंपनी देते म्हणाली तरी ती रक्कम साधारणपणे पगारात धरून टॅक्स कापून येते, म्हणजे भरले तेवढे हातात येत नाहीत, आणि वर्षाच्या आत सोडलंस तर परत कर अशी अट बहुतेक असतेच. पूर्वी काही कंपन्या या वसुलीवर 18 टक्के जीएसटी पण लावायच्या, 3 ऑगस्ट 2022 च्या सर्क्युलरमध्ये केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलं की नोटीस पे वसुलीवर जीएसटी लागत नाही, तेव्हा एफएनएफच्या, म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या, कागदात तशी ओळ दिसली तर विचारायचं.

आता उलटी केस, म्हणजे ज्याला तारीख पुढे हवी असते. आमच्या टीममधल्या एकाने 2 मार्चला पेपर टाकले, 90 दिवसांनी 31 मे, नवीन कंपनीला 1 जून हवा. आणि याची जुन्या कंपनीतली पाच वर्षं पूर्ण होणार 20 जूनला. पाच वर्षं म्हणजे ग्रॅच्युइटी. त्याचं बेसिक 52 हजार, सूत्र साधं आहे, ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा शेवटचा महिन्याचा पगार, याच्या बाबतीत बेसिकच धरू, भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. 52 हजाराला 26 ने भागलं की 2 हजार, गुणिले 15 म्हणजे 30 हजार, पाच वर्षांचे दीड लाख. तीन आठवड्यांसाठी दीड लाख! आणि हा पठ्ठ्या रिक्रूटरला लिहिणार होता की घरात लग्न आहे. कुणाचं लग्न? म्हणे चुलतभावाचं. जूनमध्ये तीन आठवडे चालणारं चुलतभावाचं लग्न.

मी म्हटलं खरं लिही ना. ग्रॅच्युइटी रिक्रूटरला माहीत असते, त्यात लाज कसली, तुझे स्वतःचे पैसे आहेत. शेवटी दोन ओळींचा मेल गेला, 20 जूनला माझी पाच वर्षं पूर्ण होतात, ग्रॅच्युइटीसाठी मला तेवढं थांबायचंय, सोमवार 22 जूनला जॉइन करतो, जुन्या कंपनीने शेवटचा दिवस 20 जून करायला लेखी मान्यता दिलीय. शेवटचा मुद्दा विसरायचा नाही, नोटीस वाढवायलाही जुन्या कंपनीची लेखी हो लागते, नाहीतर ती 31 मेला सोडून मोकळी. अर्ध्या तासात उत्तर आलं, नोटेड. (4 वर्षं 240 दिवसांवर पण मिळते असं सांगणारे ऑफिसात चार जण भेटतील. असेलही, पण त्या वादावर दीड लाख लावण्यापेक्षा तीन आठवडे मागणं स्वस्त पडतं.)

खोट्या कारणांचा त्रास असा असतो की ती मागे राहतात. आजारपण लिहिलं की कुणीतरी आपुलकीने विचारतं, आता कशी आहे तब्येत आईची? आणि तारखांचं खोटं तर टिकतच नाही. जुन्या कंपनीतून न सुटता नवीन ठिकाणी जॉइन झालात, की पीएफच्या खात्यात जुन्या कंपनीची एक्झिट आणि नव्याची जॉइनिंग अशा दोन्ही तारखा येतात, त्या एकमेकींवर चढलेल्या बॅकग्राउंड चेकवाल्याला लगेच दिसतात. म्हणून "लवकर येतो, रिलीव्हिंग लेटर नंतर देतो" असं मेलमध्ये लिहिणाऱ्याने आधी नवीन कंपनी हे लेखी मान्य करतेय का ते बघावं. फोनवर रिक्रूटर काहीही म्हणतो, चेक करणारा वेगळा असतो.

आता तो मोठा प्रश्न. एवढी सर्कस करायची का?

मी आयटीत लागलो तेव्हा आमच्या पहिल्या कंपनीत नोटीस महिन्याची होती. पुढे दोन झाले, मग तीन. कारण खोटं नव्हतं, लोक भराभर सोडत होते, क्लायंटला माणूस द्यायचा, नवा शोधायचा, त्याला काम शिकवायचं, महिन्यात कसं होणार. पण एकाने वाढवली की दुसऱ्याला वाढवावीच लागते, कारण माझा माणूस 30 दिवसांत जातो आणि त्याच्या जागी येणारा 90 दिवसांनी येतो, मधले 60 दिवस बिलिंग बंद. म्हणून मी पण 90. आता सगळ्यांचे 90 झालेत, म्हणजे फायदा कुणालाच नाही, फक्त पूर्ण बाजार तीन महिने मागे चालतो.

आणि त्या तीन महिन्यांत काय होतं? ऑफर हातात घेऊन माणूस अजून चार ठिकाणी इंटरव्ह्यू देतो. का नाही देणार, वेळ आहे, आणि ऑफर असली की भाव वाढतो. शेवटच्या आठवड्यात फोन उचलत नाही. रिक्रूटर हे ओळखून असतो म्हणून एका जागेसाठी दोन-तीन ऑफर काढतो, मग तिघेही आले तर कुणाची तरी जॉइनिंग "बिझनेस रिझन्समुळे" पुढे जाते, आणि त्याने तर पेपर टाकलेले असतात. जॉब पोर्टलवर नोटीसचा फिल्टर लावून रिक्रूटर फक्त 15-30 दिवसवाले बघतात, म्हणून पोरं हातात काही नसताना राजीनामा देऊन बसतात, का तर "सर्व्हिंग नोटीस" असं लिहिता यावं. स्वतःच्या लोकांना 90 दिवस बांधून ठेवायचं आणि बाहेरून इमीजिएट जॉइनर शोधायचा, एकाच कंपनीचं एकच एचआर हे दोन्ही करतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

लोक म्हणतात मग द्यायचं सोडून, काय करतील? कायद्याने बघितलं तर कोर्ट तुम्हाला ओढून खुर्चीवर बसवत नाही, माणसाने व्यक्तिशः करायच्या कामाचा करार सक्तीने पाळायला लावता येत नाही हे आपल्या विशिष्ट अनुतोष कायद्यातच आहे, फार तर नुकसानभरपाईचा विषय येतो. पण खरी दोरी कोर्टात नाहीच, ती रिलीव्हिंग लेटरमध्ये आहे. ते एक पान मिळालं नाही की पुढची कंपनी दारात उभी करत नाही. म्हणजे करार दोघांमधला, पण तो पाळून घ्यायचं काम तिसरा फुकट करतो.

याला उपाय फार अवघड आहे असं मला वाटत नाही. कारखान्यांसाठी 1946 च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत मासिक पगाराच्या कायम कामगारासाठी एक महिन्याची नोटीस होती, नाहीतर त्याऐवजी महिन्याचा पगार, आणि ते दोन्ही बाजूंना सारखं. भोसरीच्या शेडमध्ये मशीन चालवणाऱ्याच्या जागी माणूस बसवणं सोपं असतं असं कुणी म्हणत असेल तर त्याने एकदा सीएनसी सेट करून बघावा. हिंजवडीतल्या आम्हा लोकांसाठी सरकारने दिवस ठरवावेत असंही मी म्हणत नाही, मोठ्या पदावरच्या माणसाला किंवा आठ जणांच्या छोट्या कंपनीला जास्त वेळ खरंच लागू शकतो. पण पैसे भरून सुटायचा पर्याय कंपनीला असेल तर तो कर्मचाऱ्यालाही असलाच पाहिजे, तोही बेसिकवर, आणि अर्ज केल्यापासून ठरलेल्या दिवसांत उत्तर द्यायचं बंधन पाहिजे. एवढं झालं तरी "निगोशिएबल" या शब्दाला काही अर्थ येईल, आज तो नुसता नवस आहे.

यावर आमचा एक मॅनेजर मित्र म्हणतो, तू बोलतोस सोपं, पण उद्या टीममधले चार जण एकदम पैसे फेकून गेले तर प्रोजेक्टचं रिलीज तू करणार का? त्याचं चुकत नाही. पण त्याच मित्राच्या टीममध्ये गेल्या वर्षी नोटीसवर असलेला एक जण शेवटचे पन्नास दिवस नुसता बसून होता, केटी दुसऱ्याच आठवड्यात संपलेली, लॉगिन करायचं, टीम्सवर हिरवा ठिपका ठेवायचा आणि यूट्यूब बघायचं. ते दिवस दोन्हीकडून कुणाच्याच कामाचे नाहीत. नव्वदातले कामाचे दिवस किती असतात हे प्रत्येक मॅनेजरला माहीत असतं, तो आकडा तो एचआरला सांगत नाही एवढंच.

बहिणीचं काय झालं, तर 8 तारखेला सकाळी रिक्रूटरचा फोन आला, पहिली पाच मिनिटं तो चिडून बोलला आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. मग म्हणाला 17 ला सांगा. 17 ला दुपारपर्यंत जुन्या कंपनीचं उत्तरच नाही, हिने तरी मेल केला की उत्तर आलेलं नाही, 8 जून पक्की धरा. सोमवारी जुन्या कंपनीचा नकार आला, एका ओळीचा, कारण न देता. ती 8 जूनला जॉइन झाली. नव्या ऑफर लेटरवर सही करायच्या आधी तिने नोटीसचा क्लॉज मला व्हॉट्सॲपवर पाठवला होता, पिवळ्या रंगाने हायलाइट करून. 90 दिवस, बाय-आउट कंपनीच्या मर्जीवर. तिने बदलून मागितला, तर सांगितलं स्टँडर्ड टेम्प्लेट आहे मॅडम, सगळ्यांना सेम. सही केली तिने. माझ्या लेटरमध्येही तेच आहे, आणि परवा मी स्वतः जी जागा भरायला दिली त्या फॉर्ममध्ये एचआरने माझ्या नावाने लिहून टाकलंय, इमीजिएट जॉइनर्स प्रेफर्ड.